ऱ्हो ०.८८ आला, तरी पंधरावा क्रमांक पंधरावाच का राहत नाही

प्रश्न: सर, मी सोलापुरात नववीला गणित शिकवते. वर्गात ४८ मुलं आहेत. कृतिसंशोधनासाठी प्रथम सत्र आणि द्वितीय सत्र या दोन परीक्षांतल्या क्रमांकांवरून स्पिअरमनचा गुणांक काढला, तो ०.८८ आला. p ०.००१ पेक्षाही कमी. म्हणून "वर्गातील क्रमांक स्थिर आहेत" असं लिहून टाकलं. पण पहिल्या पंधरातली चार मुलं दुसऱ्या परीक्षेत पंधराच्या बाहेर गेली आणि एक पालक तावातावाने भेटायला आले. आता दहावीच्या जादा तासांना पंधरा मुलं निवडायची आहेत. ०.८८ला स्थिर म्हणायचं की नाही?

उत्तर: मॅडम, तुमचा आकडा ठीक दिसतोय, अडचण त्याखाली लिहिलेल्या वाक्याची आहे. ०.८८ हा वर्गाच्या एकूण रांगेचा गुणांक आहे. वरची मुलं साधारण वरच राहिली आणि खालची खालीच, एवढंच तो सांगतो. पंधरावं मूल पंधरावंच राहील का, याबद्दल तो गप्प असतो. पालक आले होते ते त्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

हा गुणांक हातात आला की मी पहिल्यांदा त्याची "घरं" करतो. म्हणजे एक मूल या परीक्षेतून त्या परीक्षेत जाताना साधारण किती क्रमांक सरकलं, ते काढतो. सूत्र तुम्हाला माहीतच आहे:

```
ρ = 1 − 6·Σd² / (n³ − n)
```

हेच उलटं फिरवा. ४८ मुलांसाठी n³ − n म्हणजे १,१०,५४४. त्याला ६ ने भागलं की १८,४२४. ऱ्हो ०.८८ असेल तर १ मधून उरले ०.१२, आणि १८,४२४ चे ०.१२ पट म्हणजे साधारण २,२११. ही झाली क्रमांकांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज. ती ४८ मुलांत वाटली की ४६, आणि ४६ चं वर्गमूळ ६.८. तुमच्या वर्गातलं मूल सुमारे सात घरं सरकलेलं आहे. वर्ग करताना मोठ्या उड्यांचं वजन वाढतं, त्यामुळे फरकांची साधी सरासरी याहून कमी, पाच-साडेपाचच्या आसपास येईल. ती तुमच्या यादीतून थेट काढून बघा.

सात घरं जास्त की कमी, हे ठरवायला एक मोजपट्टी लागते. समजा दुसऱ्या परीक्षेचे क्रमांक टोपीतल्या चिठ्ठ्या काढून वाटले. तेव्हा ऱ्हो शून्याच्या आसपास असतो आणि ४८ मुलांच्या वर्गात याच हिशेबाने सरकणं १९.६ घरांचं येतं. तुमचं ६.८ आहे. म्हणजे ०.८८ असूनही सरकणं निव्वळ चिठ्ठ्यांच्या एक-तृतीयांशाहून थोडं जास्तच उरलंय. गंमत त्या वर्गमुळात आहे. ऱ्हो एकाच्या जवळ भराभर जातो, पण घरं त्या वेगाने कमी होत नाहीत. तुमच्या वर्गात सरकणं दोन घरांवर आणायचं असेल तर ऱ्हो ०.९९ लागेल. शाळेतल्या दोन खऱ्याखुऱ्या परीक्षांमध्ये तो आकडा मला दिसला, तर आनंद होण्याऐवजी मी आधी दोन्ही रकान्यांत एकच यादी दोनदा चिकटवली नाही ना, हे तपासतो.

आणि ते p कृपा करून या वाक्यातून काढून टाका. "या दोन परीक्षांत काहीच संबंध नसता तर एवढा मोठा गुणांक योगायोगाने आला असता का" एवढाच त्याचा प्रश्न. एकाच वर्गाच्या, एकाच विषयाच्या दोन परीक्षांत संबंध असणारच, यात नवल काय? स्थिर किती, याबद्दल p काही सांगत नाही.

आता सरकणं वर्गात कुठे होतं ते बघू. मुद्दाम दहाच मुलं घेतो, म्हणजे तुम्हाला हाताने करून बघता येईल. गुण ८० पैकी.

| मूल | प्रथम सत्र | द्वितीय सत्र | क्रमांक १ | क्रमांक २ | फरक | फरकाचा वर्ग |
|---|---|---|---|---|---|---|
| क | ७४ | ७१ | १ | २ | −१ | १ |
| ख | ६८ | ७२ | २ | १ | १ | १ |
| ग | ६१ | ५५ | ३ | ६ | −३ | ९ |
| घ | ५८ | ६० | ४ | ३ | १ | १ |
| च | ५७ | ५२ | ५.५ | ८ | −२.५ | ६.२५ |
| छ | ५७ | ५९ | ५.५ | ४ | १.५ | २.२५ |
| ज | ५५ | ५४ | ७ | ७ | ० | ० |
| झ | ५४ | ५७ | ८ | ५ | ३ | ९ |
| ट | ४१ | ४४ | ९ | ९ | ० | ० |
| ठ | २९ | ३३ | १० | १० | ० | ० |

शेवटच्या रकान्याची बेरीज २९.५. सूत्रात घातली की ऱ्हो ०.८२. अहवालात "उच्च धन सहसंबंध" लिहून मोकळं व्हावं असा आकडा. पण ही २९.५ कुठून आली ते बघा. ग पासून झ पर्यंतच्या मधल्या सहा मुलांनी त्यातले २७.५ दिलेत. वरच्या दोघांनी मिळून २ आणि खालच्या दोघांनी काहीच नाही. ही सहा मुलं बाजूला काढून त्यांना आपापसात १ ते ६ क्रमांक देऊन पुन्हा हिशेब केला, तर ऱ्हो ०.२० येतो. वर्गाचा ०.८२ टोकांच्या चौघांनी उभा केलाय. मधल्या सहांची रांग जवळपास नव्याने लागली आहे.

कारण गुणांच्या रकान्यातच आहे. प्रथम सत्रात ही सहा मुलं ५४ ते ६१ या सात गुणांत बसली आहेत, आणि ट व ठ यांच्यात बारा गुणांची दरी आहे. ठने चार गुण जास्त मिळवले तरी तो दहावाच राहिला. झने तीन गुण जास्त मिळवले आणि तो तीन घरं वर आला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत कधी दाटीत सापडला असाल तर कल्पना येईल. तिथे एक पाऊल पुढे टाकलं की चार माणसं मागे पडतात, आणि मोकळ्या रस्त्यावर वीस पावलं चाललं तरी कुणाला ओलांडलं जात नाही. गुणांचा ढीग मधे असतो, म्हणून तिथे एका गुणाला खूप क्रमांक मिळतात. तुमची पंधराची रेघ ४८ च्या वर्गात नेमकी त्या दाटीच्या कडेला पडते.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. कुठल्याही वर्गाचा मधला तुकडा कापून घेतला की गुणांक खाली येतोच. कारण मुलांमधलं अंतर आपण स्वतःच कमी केलेलं असतं. तेव्हा ०.२० दाखवून "परीक्षाच निरुपयोगी" असं कुणी म्हणू लागलं तर तेही चूक. त्या सात गुणांच्या पट्ट्यात क्रमांक लावून फारसं काही हाती लागत नाही, इतकंच त्यातून घ्यायचं.

पुढे जाण्याआधी तुमचा ०.८८ नक्की ०.८८च आहे ना, ते बघून घ्या. दोन ठिकाणी बहुतेकांचा हिशेब चुकतो.

पहिलं ठिकाण समान गुणांचं. वर च आणि छ दोघांना ५७ आहेत. ती पाचवी आणि सहावी जागा, म्हणून दोघांना ५.५. निकालपत्रकावर आपण असं लिहीत नाही. तिथे दोघांना पाचवा आणि पुढच्याला सहावा देतो, कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून. समारंभाला ते ठीक, पण हे क्रमांक सूत्रात घालायचे नाहीत. अशा पद्धतीत ४८ मुलांच्या वर्गात शेवटचा क्रमांक २४ वर संपू शकतो. दोन्ही परीक्षांत तसं झालं तर फरक साधारण निम्मे होतात आणि त्यांचे वर्ग पाव, पण सूत्रात n मात्र ४८च राहतो. ज्याचा खरा ऱ्हो ०.६० तो मग ०.९० दिसायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: फरकांच्या रकान्याची चिन्हांसकट बेरीज शून्य यायला हवी. वरच्या तक्त्यात ती येते. न आल्यास क्रमांक चुकलेत, किंवा एखादं मूल एका यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे एका झटक्यात होतं. B आणि C मध्ये गुण असतील तर:

```
D2:  =RANK.AVG(B2, B$2:B$49, 0)
E2:  =RANK.AVG(C2, C$2:C$49, 0)
ρ :  =CORREL(D2:D49, E2:E49)
```

RANK.AVG घ्या, नुसतं RANK नको. आणि सूत्राऐवजी CORREL घ्या, कारण ६ Σd² वालं सूत्र समान गुण नसतील तेव्हाच काटेकोर असतं. वरच्या दहांत एकच जोडी समान आहे, तेव्हा सूत्राने ०.८२१२ आणि CORREL ने ०.८२०७ येतं, तो फरक सोडून द्यावा. मधल्या सहांचा ०.२० मी CORREL नेच काढलाय, तिथे सूत्र ०.२१ देतं. चाळीस गुणांच्या चाचणीत अर्धा वर्ग समान गुणांवर बसलेला असतो, तिथे मात्र हे सोडून चालत नाही.

दुसरं ठिकाण गैरहजर मुलांचं. पाचव्या क्रमांकाची मुलगी तापामुळे द्वितीय सत्राला आली नाही, पत्रकात शून्य पडलं, आणि ती ४८वी झाली. फरक ४३, वर्ग १,८४९. तुमची एकूण बेरीज २,२११ आहे! अशी एकच मुलगी तुमच्या यादीत असेल, तर जवळपास सगळी अस्थिरता तिच्या एकटीच्या नावावर आहे, आणि तिला काढल्यावर ऱ्हो ०.९८ च्या आसपास जाईल. तेव्हा एकाही परीक्षेला गैरहजर असलेलं मूल दोन्ही याद्यांतून काढा आणि उरलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून क्रमांक द्या. आधी क्रमांक आणि मग काटछाट असं केलंत तर मधे भोकं राहतात.

हे सगळं स्वच्छ करूनही आकडा ०.८८ राहिला असं धरू. आता खरा प्रश्न: मुलं बदलली की मोजमाप हललं? ऊन वगैरे कारणं इथे चालत नाहीत. एप्रिलात सोलापुरात पंख्याखालीही घाम निथळतो आणि सगळ्या वर्गाचे आठ-आठ गुण गेले असतील, तरी सगळ्यांचे सारखेच गेले तर रांग हलत नाही, ऱ्हो पूर्ण १ येतो. हा गुणांक पातळीकडे बघतच नाही. रांग हलते ती प्रत्येक मुलाचं नशीब वेगवेगळं हललं की. पाठ केलेलंच उदाहरण आलं, घाईत वजाचं चिन्ह सुटलं, पायऱ्यांचे गुण तपासणाऱ्याने सढळ किंवा हात आखडून दिले. ८० गुणांच्या पेपरात अशा चार-पाच गुणांची वरखाली सहज होते, आणि चार-पाच गुण मधल्या दाटीत किती घरं होतात ते आपण पाहिलं.

ही वरखाली किती, ते एकाच पेपरातून काढता येतं. एका पेपराचे प्रश्ननिहाय गुण घ्या. विषम क्रमांकाच्या उपप्रश्नांची एक बेरीज आणि सम क्रमांकाच्या उपप्रश्नांची दुसरी, अशा दोन अर्ध्या परीक्षा करा आणि त्यांचा सहसंबंध काढा. समजा तो ०.७५ आला. हा अर्ध्या पेपराचा झाला. पूर्ण पेपरासाठी दुप्पट भागिले एक अधिक तोच आकडा: १.५ भागिले १.७५, म्हणजे ०.८६. याला त्या पेपराची विश्वसनीयता म्हणतात. हे समीकरण स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे मांडलं, म्हणून ते दोघांच्या नावाने चालतं. मोजमापातल्या चुकांमुळे सहसंबंध असतो त्यापेक्षा कमी दिसतो, हे तर स्पिअरमनने १९०४ मध्येच दाखवलं होतं. त्याच्या नावाचा गुणांक आपण हौसेने वापरतो, हा दुसरा भाग मात्र वगळतो.

दोन्ही पेपरांची विश्वसनीयता ०.८६ असेल, तर एकाही मुलाची गणितातली तयारी दुसऱ्याच्या तुलनेत तसूभरही न बदलता दोन परीक्षांतला सहसंबंध ०.८६ च्या आसपासच येणार. हा नियम काटेकोरपणे गुणांच्या, म्हणजे पिअर्सनच्या सहसंबंधाचा. क्रमांकांना तो अंदाजाने लागतो, पण आपल्या कामाला तेवढा पुरतो. मग तुमचा ०.८८ सांगतो काय? मुलं खरोखर मागेपुढे झाली असं म्हणायला यात पुरावाच नाही. ती सात घरं जवळपास सगळी पेपराच्या वरखालीतून येऊ शकतात. अर्धे-अर्धे भाग एकाच दिवशी लिहिलेले असतात, त्यामुळे त्या दिवसाचा ताप, घरचं भांडण हे यात मोजलं जात नाही. म्हणजे खरी विश्वसनीयता याहून थोडी कमीच असणार.

याउलट सहसंबंध ०.६० आणि विश्वसनीयता ०.८६ असती, तर मी कारण शोधायला बसलो असतो. तेव्हा गुणांक बाजूला ठेवायचा आणि फरकांची चिन्हं बघायची. आपल्या पूर्व भागातल्या एका शाळेचा असा वर्ग माझ्याकडे आला होता. घसरलेल्या मुलांची नावं एकाखाली एक लिहिली तेव्हा बहुतेक घरी तेलुगू बोलणारी निघाली. प्रथम सत्राचा पेपर समीकरणांचा होता, द्वितीय सत्रात लांबलचक शाब्दिक उदाहरणं होती. मुलांना गणित येत होतं, मराठी परिच्छेद वाचून समीकरण मांडेपर्यंत वेळ संपत होता. योगायोगाची वरखाली अशी एका बाजूला झुकत नाही, ती सगळ्या गटांत सारखी विखुरते. तुमच्याही यादीत वर गेलेल्यांची आणि खाली आलेल्यांची नावं वेगळी लिहून बघा. शिकवणी, माध्यम, बाकावरची जागा, पेपर कुणी तपासला, यातलं काही एका बाजूला गोळा होतंय का?

तसं काही दिसलं नाही, तर पंधरा मुलांची निवड अशी करा. एका परीक्षेच्या क्रमांकावर रेघ ओढू नका. दोन्ही परीक्षांचे गुण एकत्र करा. क्रमांकांची सरासरी नको, कारण क्रमांक देताना गुणांमधली अंतरं आपण आधीच फेकून दिलेली असतात. एक पेपर फारच सोपा गेला असेल, तर आधी प्रत्येक पेपरातून वर्गाची सरासरी वजा करून प्रमाणित विचलनाने भागा, मग बेरीज करा. पेपर दुप्पट झाला की विश्वसनीयता वाढते. वरच्याच समीकरणाने ०.८६ ची ०.९२ होते.

मग रेघेच्या दोन्ही बाजूंना सात घरं मोजा. आठव्या क्रमांकापर्यंतची मुलं सरळ घ्या. तेविसाव्यापासून पुढच्यांचा विचार सध्या थांबवा. मधल्या नवव्या ते बाविसाव्या अशा चौदा मुलांमधून सात जागा भरायच्या आहेत, आणि या चौदांमध्ये कोण पुढे हे तुमचे दोन पेपर खात्रीने सांगू शकत नाहीत. त्यांना वीस-पंचवीस गुणांची आणखी एक चाचणी द्या, नाव झाकून एकाच शिक्षकाकडून तपासून घ्या, आणि ते गुण आधीच्या बेरजेत मिळवा. त्या छोट्या चाचणीवर एकटीवर निर्णय देऊ नका, तिची वरखाली मोठ्या पेपरापेक्षाही जास्त असते. मुख्याध्यापक ऐकणारे असतील, तर सरळ बावीस मुलांना बसवा. सात बाक वाढतील, पण वाद राहणार नाही.

पालकांना ऱ्हो सांगत बसू नका. त्यांच्या मुलाचे दोन्ही परीक्षांचे गुण आणि पंधराव्या मुलाचे गुण शेजारी ठेवून दाखवा, फरक बहुधा दोन-तीन गुणांचा निघेल. आणि अहवालात "क्रमांक स्थिर आहेत" खोडून असं लिहा: "दोन सत्रांतील क्रमांकांचा स्पिअरमन सहसंबंध ०.८८ (मुले ४८). वर्गाची एकूण रांग बऱ्याच अंशी टिकली. एका विद्यार्थ्याचे सरकणे साधारण ७ क्रमांकांचे आहे, व ते मधल्या गटात अधिक आहे." शेवटचा तुकडा लिहिण्याआधी मात्र तुमच्या ४८ जणांत वरचे बारा, मधले चोवीस आणि खालचे बारा यांचे फरकांचे वर्ग वेगवेगळे बेरीज करून बघा. माझ्या दहा मुलांत ते मधे साचले म्हणून तुमच्याही वर्गात तसंच असेल असं नाही. वर हुशार मुलांची दाटी असलेल्या वर्गात सगळी पळापळ पहिल्या बारांतच सापडते.